बोअरच्या पाण्यातलं लोह रंगावरून कसं मोजायचं: ॲब्सॉर्बन्स, लॉग आणि कॅलिब्रेशनची रेषा

बोअरचं पाणी उपसताना स्वच्छ दिसतं आणि बादलीत ठेवलं की काही वेळाने तांबूस होतं. त्या पाण्यात लोह आहे हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. किती आहे हे सांगायला मात्र रंग मोजावा लागतो. १,१०-फेनॅन्थ्रोलीन या अभिकर्मकाने फेरस लोहाचा नारिंगी-लाल रंग येतो आणि त्या रंगाची गडदता साध्या कलरीमीटरवरही नीट वाचता येते. रंगावरून संहती काढण्याची पद्धत शिकायला हे उदाहरण फार सोयीचं आहे. रंग दिवसभर टिकतो आणि रेषा सरळ येते. चूक झालीच, तर ती कुठे झाली हेही शोधता येतं.

उपकरण काय मोजतं आणि लॉग कुठून येतो

कलरीमीटर किंवा स्पेक्ट्रोफोटोमीटर ॲब्सॉर्बन्स मोजत नाही. त्याचा डिटेक्टर फक्त पोहोचलेला प्रकाश मोजतो. आधी ब्लँकमधून, म्हणजे सगळे अभिकर्मक असलेल्या पण लोह न घातलेल्या द्रावणातून, पलीकडे गेलेला प्रकाश, मग नमुन्यातून गेलेला. दोन्हींचं गुणोत्तर म्हणजे ट्रान्समिटन्स. पुढचं सगळं गणित आहे.

समजा द्रावणाचा एक पातळ थर आत शिरलेल्या प्रकाशाचा निम्मा भाग शोषतो. त्याच्यामागे तसाच दुसरा थर असेल तर तोही निम्मा शोषेल, पण त्याच्यापर्यंत आलेल्या प्रकाशाचा निम्मा. म्हणून १०० पैकी पहिल्या थरानंतर ५० उरतात, दुसऱ्यानंतर २५, तिसऱ्यानंतर १२.५. प्रत्येक थर ठरावीक आकडा वजा करत नाही, ठरावीक अपूर्णांकाने गुणतो. थराची जाडी तीच ठेवून संहती दुप्पट केली तरी वाटेत शोषणारे कण तितकेच वाढतात, म्हणजे परिणाम दोन थरांसारखाच होतो.

आता संहतीसमोर ट्रान्समिटन्सचा आलेख काढला तर तो वाकडा येतो: १००, ५०, २५, १२.५. पण आत आलेल्या आणि बाहेर पडलेल्या प्रकाशाच्या गुणोत्तराचा लॉग घेतला तर ०, ०.३०१, ०.६०२, ०.९०३ मिळतात. दर थराला तीच वाढ, म्हणजे सरळ रेषा. लॉग लावला जातो तो गुणाकाराची बेरीज करण्यासाठी, आणि त्या बेरजेलाच ॲब्सॉर्बन्स म्हणतात:

```
A = log10(I0 / I) = 2 - log10(%T)
A = ε · l · c
```

यात I0 म्हणजे ब्लँकमधून आलेला प्रकाश, I नमुन्यातून आलेला, l क्युव्हेटमधली प्रकाशाची वाट सेंटीमीटरमध्ये, c संहती आणि ε त्या पदार्थाचा त्या तरंगलांबीला असलेला मोलर शोषण गुणांक. वाटेच्या लांबीचा भाग बूगेरने १७२९ मध्ये आणि लाम्बर्टने १७६० मध्ये मांडला, संहतीचा भाग बेअरने १८५२ मध्ये जोडला. पाठ्यपुस्तकात दोघांचीच नावं येतात, बूगेर बिचारा बहुतेक वेळा गळतो.

जुन्या कलरीमीटरवर दोन मापपट्ट्या असतात, टक्के ट्रान्समिटन्सची आणि ॲब्सॉर्बन्सची. काटा ४५.५ टक्क्यांवर असेल तर ४५.५ चा लॉग १.६५८, आणि २ मधून तो वजा केला की ०.३४२. आलेखासाठी नेहमी हा दुसरा आकडा घ्यायचा.

कोणत्या पट्ट्यात वाचावं

लॉगमुळे रेषा सरळ होते, पण त्याची किंमतही आहे. ट्रान्समिटन्समध्ये १ टक्का एककाची चूक झाली असं धरू. ९० ऐवजी ८९ वाचलं, तर ॲब्सॉर्बन्स ०.०४६ ऐवजी ०.०५१ येतो. संहतीत ही सुमारे १० टक्के चूक झाली. ४० ऐवजी ३९ वाचलं तर ०.३९८ चं ०.४०९ होतं, चूक ३ टक्क्यांच्या आत. १० ऐवजी ९ वाचलं तर १.००० चं १.०४६, म्हणजे साडेचार टक्क्यांच्या पुढे. फिक्या टोकाला दोन जवळजवळ सारख्या प्रकाशांतला फरक मोजावा लागतो, गडद टोकाला प्रकाशच थोडा उरतो. मधला पट्टा सुरक्षित. म्हणून ०.२ ते ०.८ हा नियम पाळावा आणि नमुना त्यात बसेल असं प्रमाण घ्यावं.

गडद टोकाला आणखी एक शत्रू आहे: नमुन्यात न शिरता किंवा चुकीच्या तरंगलांबीने डिटेक्टरपर्यंत पोहोचणारा भटका प्रकाश. तो अर्धा टक्का असला तरी खऱ्या ०.४ ॲब्सॉर्बन्सला ०.३९७ वाचलं जातं, ते चालून जातं. पण खऱ्या २.० ला १.८३ दिसतो आणि खऱ्या ३.० ला २.२२. स्क्रीनवर तीन दशांश स्थळं दिसत राहतात, त्यामुळे आकडा विश्वासू वाटतो. रेषा वरच्या टोकाला खाली वाकते ती बहुतेक वेळा याच कारणाने.

तयारी: काय आणि किती

फेनॅन्थ्रोलीन फक्त फेरस लोहाशी हा रंग देतं. पाण्यातलं लोह हवेच्या संपर्कात फेरिक होऊन बसतं, म्हणून हायड्रॉक्सिलअमाइन हायड्रोक्लोराइडने ते आधी फेरस करून घ्यायचं. मग सोडियम ॲसिटेटने आम्लता इतकी कमी करायची की पीएच ४ ते ५ च्या आसपास येईल. एका फेरस आयनाभोवती फेनॅन्थ्रोलीनचे तीन रेणू बसतात आणि त्या संयुगाचं शोषण ५१० नॅनोमीटरला सर्वांत जास्त असतं. द्रावण नारिंगी-लाल दिसतं कारण ते निळसर-हिरवा प्रकाश गिळतं. फिल्टरच्या कलरीमीटरमध्ये ५१० च्या सर्वांत जवळचा फिल्टर घ्यावा. लाल फिल्टर लावला तर रंग डोळ्याला कितीही गडद दिसो, वाचन जवळजवळ शून्यच येईल.

द्रावणं अशी बनवावीत. सगळं डिस्टिल्ड पाण्यात.

- मूळ लोह स्टँडर्ड, १०० मिग्रॅ/लि: फेरस अमोनियम सल्फेट, म्हणजे मोहर सॉल्ट, ०.७०२२ ग्रॅम. साधारण २०० मिली पाण्यात २.५ मिली तीव्र सल्फ्युरिक आम्ल सावकाश घालून थंड होऊ द्यावं, त्यात मीठ विरघळवून १ लिटरच्या व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये खुणेपर्यंत भरावं. आम्ल पाण्यात घालायचं, उलट कधीच नाही.
- कामाचं स्टँडर्ड, १० मिग्रॅ/लि: मूळ द्रावण १० मिली पिपेटने घेऊन १०० मिलीपर्यंत. हे त्याच दिवशी बनवावं.
- हायड्रॉक्सिलअमाइन हायड्रोक्लोराइड: १० ग्रॅम १०० मिलीत. विषारी आहे, हातमोजे घालावेत.
- फेनॅन्थ्रोलीन: १०० मिग्रॅ १०० मिली कोमट पाण्यात. विरघळायला वेळ लागतो. ८० अंशांपर्यंत गरम करावं, उकळू नये. दोन थेंब तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं तर गरम न करताही विरघळतं.
- सोडियम ॲसिटेट: निर्जल असेल तर २५ ग्रॅम, ट्रायहायड्रेट असेल तर ४१.५ ग्रॅम, २५० मिलीत. बाटलीवर कोणतं लिहिलंय ते पाहावं. इथे गल्लत झाली तर पीएच बिघडतो.
- हायड्रोक्लोरिक आम्ल: तीव्र आम्ल आणि पाणी समप्रमाणात, पुन्हा आम्ल पाण्यात.

शंभर मिग्रॅ/लिचा आकडा कुठून आला तेही पाहून घ्यावं. मोहर सॉल्टचं रेणूवस्तुमान ३९२.१४ आणि लोहाचं अणुवस्तुमान ५५.८४५. म्हणून ०.७०२२ ग्रॅममध्ये ०.१००० ग्रॅम लोह असतं. मीठ जुनं, पिवळट-तपकिरी झालेलं असेल तर वापरू नये. रंग बदलणं म्हणजे फेरसचं फेरिक होणं. हायड्रॉक्सिलअमाइन ते परत फेरस करेल, पण अशा मिठाने स्फटिकातलं पाणीही गमावलेलं असू शकतं, आणि मग वजनावरून काढलेलं लोहाचं प्रमाण खोटं ठरतं.

नमुना घेताना

उपसलेल्या पाण्यातलं लोह हवेशी येऊन गाळ होऊन तळाशी बसतं. प्रयोगशाळेत येईपर्यंत वरचं पाणी निवळलं आणि त्यातून पिपेट भरलं, तर उत्तर खऱ्या आकड्यापेक्षा बरंच कमी येतं. म्हणून पंप थोडा वेळ चालू ठेवून मग पाणी घ्यावं आणि जागेवरच दर १०० मिलीला ०.५ मिली तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल घालावं. बाटली आधी आम्लाने आणि डिस्टिल्ड पाण्याने धुतलेली, प्लॅस्टिकची, गंजकं झाकण नसलेली असावी.

कृती

स्टँडर्डसाठी ५० मिलीचे पाच व्हॉल्युमेट्रिक फ्लास्क घ्यावेत. त्यांत कामाचं स्टँडर्ड अनुक्रमे ०, ५, १०, १५ आणि २० मिली पिपेटने टाकावं. शेवटच्या ५० मिलीत याचं ०, १, २, ३, ४ मिग्रॅ/लि होतं. शून्यवाला फ्लास्क म्हणजेच ब्लँक. प्रत्येकात समप्रमाणात पातळ केलेलं २ मिली हायड्रोक्लोरिक आम्ल आणि १ मिली हायड्रॉक्सिलअमाइन घालून हलवावं.

नमुन्याचं पाणी बाटली जोरात हलवून मगच घ्यावं. २५ मिली पाणी कॉनिकल फ्लास्कमध्ये घेऊन त्यातही तेच २ मिली आम्ल आणि १ मिली हायड्रॉक्सिलअमाइन टाकावं आणि मंद उकळत १० ते १२ मिलीपर्यंत आटवावं. गाळाच्या रूपातलं लोह यानेच विरघळतं. फ्लास्क पूर्ण कोरडा होऊ देऊ नये. थंड झाल्यावर ते ५० मिलीच्या फ्लास्कमध्ये ओतून दोन वेळा थोड्या थोड्या पाण्याने विसळून तेही त्यात टाकावं.

आता सगळ्या फ्लास्कमध्ये १५ मिली सोडियम ॲसिटेट, हलवून मग ५ मिली फेनॅन्थ्रोलीन, आणि डिस्टिल्ड पाण्याने खुणेपर्यंत. बूच लावून उलटंसुलटं करत मिसळावं. क्रम महत्त्वाचा आहे. ॲसिटेट आधी घातलं तर फेरिक लोह हायड्रॉक्साइड होऊन बसू शकतं आणि मग त्याचं फेरस होणं रेंगाळतं. रंग यायला १५ मिनिटं द्यावीत. शंका असेल तर एका थेंबाला पीएच पेपर लावून पाहावा: फार आम्लधर्मी राहिलं असेल तर रंग हळूहळू चढत राहतो आणि पहिल्या वाचनात कमी दिसतो.

याबरोबर आणखी एक फ्लास्क लावावा. तेच २५ मिली नमुन्याचं पाणी, तीच सगळी प्रक्रिया, फक्त फेनॅन्थ्रोलीनच्या जागी पाणी. पाण्याचा स्वतःचा पिवळटपणा किंवा गढूळपणा यात पकडला जातो. बोअरच्या पाण्याच्या बाबतीत हा फ्लास्क टाळू नये.

वाचन

दिवा वाचनाआधी १५ ते ३० मिनिटं चालू ठेवावा. तोपर्यंत शून्य सरकत राहतं. १ सेंमीचं क्युव्हेट खरखरीत बाजूंनी धरावं, दोन-तीनदा त्याच द्रावणाने विसळावं, बुडबुडे नाहीत ना ते पाहावं आणि बाहेरून धागे न सुटणाऱ्या कागदाने पुसावं. दृश्य प्रकाशाला काच किंवा प्लॅस्टिकचं क्युव्हेट पुरतं, क्वार्ट्झची गरज नाही. शक्य असेल तर सगळी वाचनं एकाच क्युव्हेटमध्ये आणि एकाच बाजूने घ्यावीत, फिक्यापासून गडदाकडे जात. शून्य ब्लँकवर लावायचं, साध्या पाण्यावर नाही, कारण अभिकर्मकांचं स्वतःचं थोडंसं लोह ब्लँकमध्येही असतं. शेवटी ब्लँक परत ठेवून पाहावा. ०.०००ऐवजी ०.०१५ दाखवत असेल तर दिवा सरकला आहे, सगळी वाचनं पुन्हा.

उदाहरणादाखल असे आकडे घेऊ:

| लोह, मिग्रॅ/लि | ॲब्सॉर्बन्स |
|---|---|
| ० | ०.००० |
| १ | ०.२०१ |
| २ | ०.३९७ |
| ३ | ०.५९४ |
| ४ | ०.७८९ |
| नमुना | ०.३४२ |
| नमुना, फेनॅन्थ्रोलीनशिवाय | ०.०१२ |

रेषा आणि उत्तर

संहती आडव्या अक्षावर, ॲब्सॉर्बन्स उभ्यावर. स्प्रेडशीटमध्ये संहती A2 ते A6 आणि ॲब्सॉर्बन्स B2 ते B6 या घरांत असतील तर:

```
=SLOPE(B2:B6,A2:A6)
=INTERCEPT(B2:B6,A2:A6)
```

उतार ०.१९७१ आणि छेद ०.००२० येतो. म्हणजे दर मिग्रॅ/लि लोहामागे ॲब्सॉर्बन्स ०.१९७ ने वाढतो. स्प्रेडशीट रेषा काढून देतेच, पण बिंदू डोळ्यांनी पाहावेत. सहसंबंधाचा आकडा ०.९९९ असूनही वरचा बिंदू खाली झुकलेला असू शकतो.

नमुन्यातून पाण्याचा स्वतःचा रंग वजा करू: ०.३४२ − ०.०१२ = ०.३३०. त्यातून छेद वजा केला की ०.३२८. याला ०.१९७१ ने भागलं की १.६६ मिग्रॅ/लि. पण ही फ्लास्कमधली संहती झाली. २५ मिली पाणी ५० मिली झालं होतं, म्हणून दुप्पट: मूळ पाण्यात ३.३ मिग्रॅ/लि लोह. विद्यार्थ्यांच्या वह्यांमध्ये सर्वांत जास्त विसरली जाणारी पायरी ही दुप्पट करण्याचीच. आणि फेनॅन्थ्रोलीनशिवायचा फ्लास्क लावला नसता तर उत्तर ३.४५ आलं असतं, ते वाचून कोणालाही शंका आली नसती.

रेषेची एक आडतपासणी करता येते. उतार ०.१९७१ ला ५५८४५ ने गुणलं, म्हणजे मिग्रॅचं मोलमध्ये रूपांतर केलं, की ε सुमारे ११,००० मिळतो. या संयुगाचा ५१० नॅनोमीटरला मान्य आकडा ११,१०० आहे. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर तुमचा आकडा ९,००० आला तर स्टँडर्ड बनवताना कुठेतरी चूक आहे. रुंद फिल्टरच्या कलरीमीटरवर मात्र कमीच येईल आणि त्यात काही वावगं नाही, कारण फिल्टर शिखराच्या दोन्ही बाजूंचा कमी शोषला जाणारा प्रकाशही आत घेतो. स्टँडर्ड आणि नमुना दोन्ही त्याच फिल्टरने वाचले असल्याने उत्तर बिघडत नाही. म्हणूनच ε पुस्तकातून उचलून थेट संहती काढण्यापेक्षा स्वतःच्या उपकरणाची रेषा काढावी.

नमुना रेषेबाहेर गेला तर

नमुन्याचा ॲब्सॉर्बन्स १.४ आला तर रेषा पुढे ताणून उत्तर काढू नये. तयार रंगीत द्रावण पातळ करून वाचण्याचा मोहही टाळावा. फेनॅन्थ्रोलीनच्या या द्रावणाचा १ मिली साधारण १०० मायक्रोग्रॅम लोहालाच पुरतो. ५ मिली घातलं म्हणजे कमाल ५०० मायक्रोग्रॅम. पाण्यात ३० मिग्रॅ/लि लोह असेल तर २५ मिलीत ७५० मायक्रोग्रॅम होतं, म्हणजे अभिकर्मक आधीच संपतो आणि उरलेलं लोह पूर्ण रंग देतच नाही. ते द्रावण कितीही पातळ केलं तरी हरवलेला रंग परत येत नाही. त्यापेक्षा २५ ऐवजी ५ मिली पाणी घेऊन पहिल्यापासून करावं, आणि शेवटी दुपटीऐवजी १० ने गुणावं. उलट, ॲब्सॉर्बन्स ०.०५ च्या आसपास आला तर ५० मिली पाणी आटवून घ्यावं, मग गुणक १. आम्ल घालून ठेवलेल्या पाण्याचा जास्त भाग घेतला की ॲसिटेटवर भार वाढतो, तेव्हा पीएच पेपर लावून पाहावाच.

आकडा खोटा आहे हे कसं ओळखावं

रेषा शून्यातून जात नाही, पण सरळ आहे: ब्लँक बाकीच्या फ्लास्कसारखा बनलेला नाही, किंवा एकच वस्तू, बहुतेक वेळा आम्ल, सगळीकडे सारखी घातली गेली नाही. एकच बिंदू बाजूला आहे: पिपेट. तो फ्लास्क पुन्हा बनवावा, बिंदू नुसता खोडू नये. नमुन्याचं वाचन उणे येतं: ब्लँकच नमुन्यापेक्षा गडद आहे, म्हणजे डिस्टिल्ड पाणी, आम्ल किंवा काचेची भांडी यांत लोह आहे. क्युव्हेट आत असताना वाचन हळूहळू चढतं: रंग अजून पूर्ण आलेला नाही किंवा गाळ वर-खाली होतोय. गढूळपणा प्रकाश शोषत नाही, विखुरतो. पण डिटेक्टरला तो फरक कळत नाही, तोही ॲब्सॉर्बन्सच दाखवतो.

या सगळ्यांत न सापडणारी एक चूक म्हणजे पाण्यातल्याच दुसऱ्या घटकाने रंग अडवणं. जस्त, तांबं, कोबाल्ट, निकेल फेनॅन्थ्रोलीन बळकावतात, फॉस्फेट जास्त असेल तर लोह अडकवतं. स्टँडर्ड डिस्टिल्ड पाण्यात बनवलेले असल्याने रेषा सुरेख येते आणि नमुना मात्र कमी दिसतो. हे पकडायला माहीत असलेलं लोह नमुन्यात घालून पाहावं. २५ मिली नमुन्यात सुरुवातीलाच कामाचं स्टँडर्ड ५ मिली टाकून पूर्ण कृती करावी. त्यात ५० मायक्रोग्रॅम लोह आहे, म्हणजे ५० मिलीत १ मिग्रॅ/लिची भर. आपल्या रेषेनुसार ॲब्सॉर्बन्स ०.३४२ वरून ०.५३९ पर्यंत जायला हवा. तो ०.५३० आला तर ०.१८८ ची वाढ झाली, म्हणजे घातलेल्यापैकी सुमारे ९५ टक्के परत मिळालं, काम चालेल. ०.५०२ आला तर फक्त ८१ टक्के मिळालं, आणि नमुन्याचं उत्तरही साधारण तितक्याच प्रमाणात कमी आहे. मग फेनॅन्थ्रोलीन ५ ऐवजी ८ मिली घालून स्टँडर्डसकट पुन्हा करावं. परत मिळणारं प्रमाण वाढलं तर अडथळा अभिकर्मक बळकावणाऱ्या धातूंचा होता.

वापरलेली द्रावणं बेसिनमध्ये न ओतता कचऱ्याच्या वेगळ्या बाटलीत जमा करावीत. अहवालात ३.३ मिग्रॅ/लि लिहावं, ३.३३ नाही, आणि त्याच ओळीत घेतलेलं पाणी, अंतिम आकारमान, तरंगलांबी आणि परत मिळालेलं प्रमाण लिहावं: २५ मिली, ५० मिली, ५१० नॅनोमीटर, ९५ टक्के.